फाइल परस्पर, परवानगी सर्व्हरची

समजा, एका एकांकिका स्पर्धेने प्राथमिक फेरीसाठी संघांकडून प्रयोगाचं चित्रीकरण मागवलं आहे. पाऊण तासाचा प्रयोग, फाइल साधारण १.६ जीबीची, मुदत रविवारी रात्री बारापर्यंत. मुदत बाराची असली की गर्दी अकराला होते, हे स्पर्धा घेणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. घरच्या इंटरनेटवरून फाइल वर जाण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट धरला, तर एका संघाला अपलोडसाठी सुमारे २१ मिनिटं लागतील. असे २०० संघ एकाच वेळी आले, तर स्पर्धेच्या वेबसाइटच्या सर्व्हरवर सेकंदाला २ गिगाबिटचा लोंढा येईल.

आणि हे निम्मंच झालं. सर्व्हर या फाइली स्वतःकडे ठेवत नाही. त्या पुढे साठवणीच्या जागी पाठवायच्या असतात, म्हणजे तेवढाच लोंढा पुन्हा बाहेर जाणार. मधल्या वेळात फाइली तात्पुरत्या डिस्कवर उतरवल्या, तर ३२० जीबी जागा हवी. त्यात कुणी प्रोग्रॅममधली एखादी चूक सुधारून सर्व्हर रीस्टार्ट केला, की अर्ध्यावर आलेले सगळे अपलोड एका झटक्यात तुटतात. बऱ्याचदा तर गोष्ट इथवर येतच नाही. nginx हा लोकप्रिय वेब सर्व्हर मुळात १ एमबीपेक्षा मोठी फाइल आत घेत नाही. ती मर्यादा कुणी वाढवलेली नसेल, तर पाठवणाऱ्याला `413 Request Entity Too Large` एवढंच दिसतं.

एवढा भार वाहून सर्व्हर त्या फाइलीचं करतो काय? काहीच नाही. संघाची नोंदणी झाली आहे का, मुदत संपली नाही ना, एवढंच त्याला तपासायचं असतं आणि त्यासाठी फाइल हातात घ्यावी लागत नाही. परवानगी देणं आणि ओझं वाहणं ही दोन वेगळी कामं आहेत. कारखान्याच्या ऑफिसातून सही-शिक्क्याची चिठ्ठी घ्यायची आणि माल थेट गोदामात उतरवायचा, तसंच हे. इथल्या चिठ्ठीला प्रीसाइन्ड लिंक म्हणतात, म्हणजे आधीच सही करून ठेवलेली लिंक.

गोदाम म्हणजे ऑब्जेक्ट स्टोरेज. ॲमेझॉनने २००६ च्या मार्चमध्ये एसथ्री नावाने ही सेवा सुरू केली. २०१६ पासून तिचं मुंबई केंद्रही आहे, तांत्रिक भाषेत `ap-south-1`. तिथे ‘बकेट’ नावाच्या कप्प्यात प्रत्येक फाइल एका नावाखाली ठेवली जाते. वेबसाइट ज्या भाषेत बोलतात त्याच एचटीटीपीमध्ये हे गोदामही बोलतं, त्यामुळे ब्राउझर त्याच्याशी थेट व्यवहार करू शकतो. प्रश्न फक्त अधिकाराचा राहतो. बकेट सगळ्यांसाठी उघडी टाकली, तर कुणीही येऊन काहीही टाकेल. गोदामाची गुप्त किल्ली वेबपेजच्या कोडमध्ये ठेवली, तर ते पेज उघडणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ती पडेल. म्हणून किल्ली सर्व्हरकडेच राहते आणि बाहेर जाते ती तिच्या आधारे केलेली एक सही.

संघाने ‘अपलोड’ दाबलं की सर्व्हर त्याची नोंदणी तपासतो आणि ब्राउझरला अशी एक लिंक देतो. प्रत्यक्षात ती सलग एका ओळीत असते, इथे वाचायला सोपी जावी म्हणून तोडली आहे:

```
https://example-bucket.s3.ap-south-1.amazonaws.com/pravesh/7f3c91/prayog.mp4
?X-Amz-Algorithm=AWS4-HMAC-SHA256
&X-Amz-Credential=AKIAIOSFODNN7EXAMPLE%2F20250112%2Fap-south-1%2Fs3%2Faws4_request
&X-Amz-Date=20250112T173000Z
&X-Amz-Expires=900
&X-Amz-SignedHeaders=host
&X-Amz-Signature=9e1b...
```

पहिल्या ओळीत फाइल कुठे आणि कोणत्या नावाने ठेवायची ते आहे. हे नाव सर्व्हरने ठरवलेलं असतं. ते पाठवणाऱ्यावर सोडलं, तर ‘final.mp4’ नावाच्या दहा फाइली येतील आणि एकीवर दुसरी लिहिली जाईल. `Credential` मध्ये किल्लीचा क्रमांक आहे, किल्ली नाही. `Date` ही सही केल्याची वेळ. शेवटचा Z ती ग्रीनिचची असल्याचं सांगतो, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे अकरा. `Expires` म्हणजे ९०० सेकंद, पंधरा मिनिटं.

खरी गंमत शेवटच्या ओळीत आहे. ‘फाइल ठेवायची आहे’ ही क्रिया, फाइलीचं नाव, वेळ, मुदत हे सगळं एका ठरलेल्या क्रमाने मांडून गुप्त किल्लीच्या साह्याने त्यावर एचमॅक नावाची गणिती प्रक्रिया केली जाते. त्यातून ६४ अक्षर-अंकांची सही निघते. हे गणित सर्व्हर जागच्या जागी करतो, त्यासाठी गोदामाला विचारावंही लागत नाही. ब्राउझर ती लिंक घेऊन गोदामाकडे गेला, की गोदाम आपल्याकडच्या किल्लीने तेच गणित पुन्हा करून पाहतं. उत्तर जुळलं तर फाइल आत. कुणी मुदतीचे ९०० बदलून ९००० केले किंवा फाइलीच्या नावातलं एक अक्षर हलवलं, तरी उत्तर जुळत नाही आणि `SignatureDoesNotMatch` असा नकार मिळतो.

प्रामाणिक माणसालाही हा नकार मिळतो, आणि तेव्हा त्याचं कारण बहुधा क्षुल्लक असतं. सही करताना सर्व्हरने फाइलीचा प्रकार `video/mp4` असल्याचं गृहीत धरून तो सहीत गुंफलेला असतो. संघाने आयफोनवर चित्रीकरण केलेलं असतं आणि ब्राउझर `video/quicktime` असं कळवतो. फाइल चांगली, लिंक ताजी, तरी सही जुळत नाही. दुसरी नेहमीची भानगड घड्याळाची. सर्व्हरने भारतीय वेळच ग्रीनिचची म्हणून लिहिली, तर लिंक साडेपाच तास पुढची होते आणि गोदाम म्हणतं, ही अजून लागू झालेली नाही. तिसरी अडचण फक्त ब्राउझरमध्ये दिसते. एका वेबसाइटचं पेज दुसऱ्या पत्त्यावर फाइल पाठवू लागलं, की ब्राउझर आधी त्या पत्त्याला विचारून घेतो, या साइटकडून आलेलं चालेल का? याला कॉर्स म्हणतात. बकेटच्या सेटिंगमध्ये स्पर्धेच्या साइटचं नाव घातलेलं नसेल, तर अपलोड सुरूच होत नाही. तीच लिंक प्रोग्रॅमरने `curl` ने वापरून पाहिली तर बिनतक्रार चालते. तिकडे चालतं आणि ब्राउझरमध्ये अडतं, असं झालं की आधी कॉर्सच पाहावं.

आता त्या पंधरा मिनिटांकडे येऊ. फाइलीला २१ मिनिटं लागतात, मग लिंक मध्येच मरणार नाही का? नाही. मुदत विनंती सुरू होताना तपासली जाते, चालू असलेला अपलोड तोडला जात नाही. पण विसाव्या मिनिटाला वीज गेली, तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल आणि तोवर लिंक संपलेली असेल. म्हणून मोठी फाइल तुकड्यांनी पाठवतात. १६ एमबीचे १०० तुकडे केले, तर एका तुकड्याला जेमतेम १३ सेकंद लागतात. प्रत्येक तुकड्याची लिंक वेगळी, सही वेगळी. अडुसष्टावा तुकडा अडला तर तेवढाच पुन्हा पाठवायचा, लिंक शिळी झाली असेल तर सर्व्हरकडून नवी मागायची. तुकडा पोचला की गोदाम `ETag` नावाची पोचपावती देतं. सगळ्या पावत्या जमवून सर्व्हरने ‘आता जोडा’ म्हटलं, की शंभर तुकड्यांची एक फाइल होते. इथेही कॉर्सची एक खोच आहे. पावती वाचायची परवानगी ब्राउझरला वेगळी द्यावी लागते. ती दिली नसेल, तर शंभरही तुकडे वर जातात, पण ब्राउझरच्या हाती पावती एकही लागत नाही.

कंटाळून मध्येच पेज बंद करणाऱ्यांचे तुकडे मात्र गोदामात पडून राहतात. बकेटमधल्या फाइलींच्या यादीत ते दिसत नाहीत, भाडं मात्र लागत राहतं. अमुक दिवसांत न जोडलेले तुकडे काढून टाका, असा नियम बकेटवर लावता येतो. तो पहिल्याच दिवशी लावावा. बिल पाहून शोधायला बसलं, तर यादीत काहीच सापडत नाही आणि माणूस चक्रावतो.

फाइल हातातून जात नसल्याने सर्व्हर एका गोष्टीला मुकतो. काय आलं, हे तो पाहत नाही. साध्या लिंकमध्ये आकाराची अट नसते. २ जीबीऐवजी कुणी ५ जीबी, म्हणजे एका खेपेत मावेल तेवढं, पाठवलं तरी गोदाम ते घेईल. म्हणून आकारही सहीत गुंफावा: या तुकड्याची लांबी इतके बाइट, कमी नाही, जास्त नाही. आणि ‘अपलोड झाला’ या ब्राउझरच्या शब्दावर विसंबू नये. सर्व्हरने स्वतः गोदामाला विचारावं, या नावाची फाइल आहे का, किती मोठी आहे? तिच्या आत खरोखर चित्रफीत आहे का, हे वेगळ्या प्रोग्रॅमने सावकाश तपासावं. हे सगळं होईपर्यंत प्रवेशिकेपुढे ‘पोचली’ असं लिहू नये. या टप्प्यावर घाई झाली, तर परीक्षकांसमोर शून्य बाइटची एकांकिका येते आणि तोवर संघाची मुदत संपलेली असते.

परीक्षकांना फाइल दाखवायलाही अशीच लिंक वापरतात, फक्त तिच्यावर ‘ठेव’ऐवजी ‘दे’ अशी आज्ञा असते. तिची मुदत जास्तीत जास्त सात दिवसांची. पण सर्व्हरने सही करायला वापरलेली किल्लीच तात्पुरती असेल, आणि क्लाउडवर ती बहुतेक वेळा तशीच असते, तर किल्ली बदलली की लिंकही जाते. संध्याकाळी ईमेलने पाठवलेली ‘सात दिवसांची’ लिंक सकाळी उघडत नाही, त्याचं कारण बहुधा हेच.

उलट, जिवंत लिंक कुणी व्हॉट्सॲपवर पुढे पाठवली तर ती कुणासाठीही उघडते. लिंक कोणाच्या हातात आहे, हे गोदाम पाहत नाही. एकटी ती लिंक रद्द करण्याची सोयही नाही. किल्ली बंद केली तर तिच्यावर निघालेल्या सगळ्याच लिंक मरतात, नाहीतर फाइलच हलवावी लागते. म्हणून परीक्षकांना ईमेलमध्ये ही लिंक न देता स्पर्धेच्या साइटवरच्या त्यांच्या पानाचा पत्ता द्यावा. लॉगिन करून त्यांनी ‘पाहा’ दाबलं की त्या क्षणी नवी लिंक तयार व्हावी, आणि तिची मुदत प्रयोग बघून होईल एवढीच, तासाभराची, असावी.