रोजचं एक पान आणि त्याला चिकटवलेला दिवस

सकाळचा चहा उकळेपर्यंत टॅरोचे पत्ते पिसायचे, एक पान काढायचं आणि वहीत दोन ओळी लिहायच्या. टॅरो शिकणाऱ्यांना बहुधा ही सवय आधी लावून घ्यायला सांगतात. ७८ पानं घोकून डोक्यात राहत नाहीत. रोज एकाशी ओळख करून घेतली की राहतात.

अनेक जण ज्या जोडावर शिकतात, तो १९०९ मध्ये लंडनच्या रायडर प्रकाशनाने काढला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्याआधीच्या बहुतेक जोडांत तीन तलवारींच्या पानावर नुसत्या तीन तलवारी असत. स्मिथबाईंनी पावसाळी ढगांखाली लाल हृदय काढलं आणि तलवारी त्यातून आरपार घातल्या. पुस्तक न उघडताही हे चित्र बोलतं. गोची तिथेच आहे, कारण ते कशाबद्दलही बोलू शकतं.

समजा, एकीने सकाळी हेच पान काढलं. दुपारी साहेबांचा एका शब्दाचा निरोप आला, ‘बघू.’ एरवी तिने तो वाचून सोडून दिला असता. आज मात्र तलवार लागली! संध्याकाळी आईचा फोन लवकर संपला, ती दुसरी. तिसरी शोधायला रात्र मोकळीच आहे. पान खरं ठरलं असं तिला वाटतं. प्रत्यक्षात दिवसभरातल्या गोष्टींतून तिने पानाला जुळणाऱ्या तेवढ्याच वेचल्या.

‘तेच पान पुन्हा आलं’ हा दुसरा चकवा. रोज नीट पिसून एक पान काढलं, तरी कुठलं ना कुठलं पान दुसऱ्यांदा येण्याची शक्यता अकराव्या दिवशीच निम्म्याहून जास्त होते. वर्षभरात सरासरी चार-पाच वेळा तर कालचंच पान आज हातात येतं. डेथचं पानही वर्षाला साधारण तितक्याच वेळा भेटणार, आणि त्या दिवशी कुणी दवाखान्यात धावायचं कारण नाही.

मग खुलाशासाठी आणखी एक पान काढायचा मोह होतो. तेही पटलं नाही की तिसरं. मनासारखं येईपर्यंत काढत राहिलं तर सकाळच्या पानाला अर्थच उरत नाही.

यावर वहीचाच उपाय चालतो. सकाळच्या ओळी भाकिताच्या नसाव्यात. चित्रात काय दिसतं ती एक ओळ आणि त्यावरून सुचलेला एक प्रश्न, उदाहरणार्थ ‘कुठलं बोलणं अजून लागून राहिलंय?’ मग वही बंद. रात्री दिवसाची हकिकत आधी लिहायची, पान नंतर बघायचं. ते फारच चपखल बसलं तर जोडातून डोळे मिटून दुसरं एक पान काढून त्याच हकिकतीला लावून पाहायचं. बऱ्याचदा तेही तितकंच बसतं.