‘तातडीने योग्य कार्यवाही करावी’ : म्हणजे नेमकं कोणी, कधी आणि काय?

बँका आणि पतसंस्थांच्या आपत्कालीन आराखड्यात पुराबद्दल बहुधा एक वाक्य असतं: ‘पूरपरिस्थिती उद्भवल्यास संबंधितांनी तातडीने योग्य ती कार्यवाही करावी.’ संबंधित म्हणजे कोण? परिस्थिती उद्भवली हे कोणी ठरवायचं? पाणी दारात आल्यावर ही चर्चा सुरू झाली, तर सर्व्हर हलवायला वेळ उरत नाही.

समजा, सांगलीत कृष्णेजवळ एका पतसंस्थेची तळमजल्यावर शाखा आहे. शहरात पाण्याची पातळी आयर्विन पुलावर मोजतात. तिथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. पण शाखेने हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. मागच्या पुरात पुलावर ४४ फूट असताना शाखेत पाणी शिरलं होतं असं धरू. सामान हलवायला आठ तास लागतात आणि पाणी तासाला अर्धा फूट चढतं, म्हणजे तेवढ्या वेळात चार फूट. हिशेबाने ४० फुटांना सुरुवात करावी लागेल. पण ट्रक उशिरा येतो, पाऊस वाढतो, म्हणून दोन फूट हाताशी ठेवून ३८ ठरवायचे.

आता तोच भाग पुन्हा लिहू:

‘जून ते सप्टेंबर रोज सकाळी ८ आणि रात्री ८ वाजता लिपिक आयर्विन पुलाची पातळी पाहून शाखाधिकाऱ्यांना कळवेल. ३५ फुटांनंतर दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. ३८ फूट होताच शाखाधिकारी स्थलांतर सुरू करतील. त्यासाठी मुख्य कार्यालयाच्या परवानगीची वाट पाहायची नाही. दहा मिनिटांत त्यांचा फोन लागला नाही, तर हा अधिकार लेखापालांचा.

पहिली १५ मिनिटे: शाखाधिकारी मुख्य कार्यालयाला कळवून ट्रक आणि पोलीस बंदोबस्त मागतील. लेखापाल बॅकअप पूर्ण झाल्याची खात्री करून सर्व्हर बंद करतील.
४५ मिनिटांपर्यंत: रोखपाल रोकड मोजून सील करतील. शिपाई जमिनीवरच्या यूपीएस बॅटऱ्या आणि कर्जाच्या फाइली वरच्या मजल्यावर नेतील.
एक तास: तिजोरीच्या दोन्ही किल्ल्यांचे धारक शाखेत हजर.’

शेवटची ओळ साधी दिसते, पण आराखडा बहुतेक तिथेच अडतो. सोनेतारणाची तिजोरी दोघांच्या किल्ल्यांशिवाय उघडत नाही. त्यातला एक जण पलीकडे सांगलीवाडीत राहत असेल आणि रस्ता पाण्याखाली गेला, तर बाकी सगळी तयारी वाया. म्हणून ३५ फुटांनाच त्याने अलीकडे मुक्कामाला यायचं, हेही लेखी हवं.

मजकुरात माणसाच्या नावाऐवजी पद लिहा, कारण बदल्या होतात. नावं आणि फोन नंबर वेगळ्या पानावर ठेवून दर मे महिन्यात स्वतः फोन लावून तपासा. मग हा कागद नव्याने रुजू झालेल्या लिपिकाच्या हातात द्या. वाचताना तो जिथे ‘हे कोणी करायचं?’ असं विचारेल, ते वाक्य पुन्हा लिहायचं.