सोनेतारणाचा हिशेब : नवं-जुनं केल्यावर वाढलेले एकोणतीस हजार

या आठवड्यात लिलावाच्या नोटिशीबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या वेळी. मानवत तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं पत्र आलंय, सोबत दोन पावत्यांच्या झेरॉक्स. हाच प्रश्न सेलू-पाथरीकडून तोंडी इतक्यांदा येतो की आजचा अख्खा लेख त्याच्यावरच खर्च करतो.

पत्रातली गोष्ट थोडक्यात अशी. १० जून २०२४ ला, पेरणीच्या तोंडावर, घरातल्या पाटल्या आणि पोत ठेवून दीड लाख उचलले. दर वर्षाला ११ टक्के, सरळ व्याज, मुदत बारा महिने. मधे एकही हप्ता नाही. मुद्दल आणि व्याज शेवटी एकरकमी. यालाच काउंटरवर बुलेट म्हणतात, आणि कापूस-सोयाबीनवाल्याला ते सोयीचं वाटतं, कारण महिन्याच्या महिन्याला त्याच्या हातात काही येतच नाही. २०२५ च्या जूनमध्ये मुदत भरली. हातात पैसा नव्हता. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "काका, काळजी करू नका, नवं-जुनं करून टाकू." चार सह्या झाल्या, अडीच हजार रुपये उलट हातात मिळाले आणि पावतीवर छापून आलं : खाते बंद, बाकी शून्य. डिसेंबरात कापूस विकून सोनं सोडवायला गेले. त्यांच्या हिशेबाने दीड लाख आणि सहा महिन्यांचं व्याज, म्हणजे एक लाख अठ्ठावन्न हजार आणि वर काही. काउंटरवर आकडा निघाला १,७९,३७६. "एकवीस हजार कुठून आले?" असं त्यांनी लाल शाईने लिहिलंय.

उत्तर त्या दुसऱ्या झेरॉक्समध्येच आहे. पहिली पावती जुनं खातं बंद झाल्याची. दुसरी त्याच दिवशीच्या नव्या खात्याची, आणि त्यावर मुद्दल आहे १,७०,०००.

जूनमध्ये घडलं ते असं. जुन्या खात्यावर दीड लाख मुद्दल आणि वर्षाचं व्याज १६,५००, असे १,६६,५०० देणं होतं. ते काकांनी खिशातून दिलं नाही. नव्या कर्जातून वळतं झालं. मूल्यांकन आणि प्रक्रिया शुल्क मिळून साडेआठशेच्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी, असे हजार रुपये कापले गेले. उरलेले अडीच हजार हातात आले. वर्षाचं व्याज भरलं गेलं खरं, पण कर्ज काढून. ते मुद्दलात जाऊन बसलं आणि १० जूनपासून त्याच्यावरही व्याज चालू झालं. १० डिसेंबरपर्यंत १८३ दिवस. १,७०,००० वर ११ टक्क्यांनी १८३ दिवसांचे ९,३७६ होतात. आकडा बरोबर आहे.

आता नव्या-जुन्याने नेमकं किती नुकसान झालं, ते काढू. समजा संस्थेने काहीही न बदलता जुनंच कर्ज डिसेंबरपर्यंत त्याच दराने चालू दिलं असतं. पहिल्या वर्षाचे १६,५०० आणि पुढच्या १८३ दिवसांचे ८,२७३, म्हणजे एकूण व्याज २४,७७३. प्रत्यक्षात काकांनी दीड लाखावर २९,३७६ जास्त भरले. त्यातले अडीच हजार त्यांना आधीच मिळाले होते, म्हणून खर्च २६,८७६. फरक २,१०३ रुपयांचा : हजार शुल्काचे आणि ११०३ वाढलेल्या मुद्दलावरच्या व्याजाचे. बाकीचं सगळं ते तसंही देणं लागत होतेच. फसवणूक झाली असं मला वाटत नाही. पण 'बाकी शून्य' हे शब्द वाचून माणूस निर्धास्त होणार, हे काउंटरवरच्याला कळत नसेल असंही मला वाटत नाही.

हे जमलं कशामुळे? भावामुळे. २०२४ च्या जूनमध्ये शुद्ध सोनं दहा ग्रॅमला सत्तर हजारांच्या आसपास होतं, वर्षभरात ते पंच्याण्णव हजारांपलीकडे गेलं. त्याच पाटल्यांवर जास्त कर्ज बसलं आणि त्यात व्याज लपून गेलं. भाव खाली आला असता तर त्याच काउंटरवर "फरकाचे पैसे भरा" असं ऐकावं लागलं असतं.

रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोने-चांदी तारणाचे नवे निर्देश काढले. १ एप्रिल २०२६ ही ते लागू करण्याची शेवटची तारीख. त्यांत ही पळवाट बुजवली आहे : बुलेट कर्ज नवं करायचं असेल तर साठलेलं व्याज आधी भरायचं. शिवाय घरखर्चासाठीचं बुलेट कर्ज बारा महिन्यांपुढे नाही, आणि सोन्याच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यायचं हे आज उचललेल्या रकमेवर न मोजता शेवटी फेडायच्या रकमेवर मोजायचं. अडीच लाखांपर्यंत ही मर्यादा ८५ टक्के. म्हणजे लाखाच्या सोन्यावर, ११ टक्क्यांनी वर्षभराचं बुलेट घेतलं, तर हातात ८५ हजार येणार नाहीत. ७६,५०० च्या आसपास येतील, कारण वर्षाअखेरचं व्याज धरून ८५ हजार व्हायला हवेत.

नियम चांगला आहे. पण आपल्याकडे त्याला एक काटा आहे. जूनमध्ये घेतलेल्या कर्जाची मुदत जूनमध्येच संपते, आणि परभणीतल्या कोरडवाहू घरात ज्येष्ठात रोकड कुठून असणार? बी-खताचीच उधारी चालू असते. मग व्याजापुरते सोळा-सतरा हजार आडत्याकडून नाहीतर सावकाराकडून चार दिवसांसाठी घ्यायचे, इकडे भरायचे, नवं कर्ज काढायचं आणि तिकडचे फेडायचे. कागदावर व्याज भरलेलं दिसतं. घरात मात्र ते पुन्हा कर्जातूनच गेलेलं असतं, वर चार दिवसांचं तिकडचं व्याज.

पत्र लिहिणाऱ्या काकांनी शेवटी विचारलंय, पुढच्या वेळी काय करू. माझं म्हणणं असं. बुलेट म्हणजे मुदत भरेपर्यंत पैसे भरायचेच नाहीत, असा अर्थ नाही. दिवाळीनंतर पहिल्या वेचणीचा कापूस विकला की खात्यात काही भरता येतं का, हे कर्ज घेतानाच विचारून ठेवा. जिथे भरून घेतात तिथे ती रक्कम सहसा आधी साठलेल्या व्याजाकडे जाते, उरली तर मुद्दलाकडे. जूनच्या दीड लाखावर डिसेंबरात वीस हजार भरले तर ८,२७३ व्याजाचे जातील आणि ११,७२७ ने मुद्दल उतरेल. आणि नवं-जुनं करणं भागच असेल तर ते जूनची वाट न बघता जानेवारीत करा, व्याज कापसाच्या पैशातून रोख भरून. शुल्काचे हजार एकदा जातील, पण तिथून पुढे मुदत दर वर्षी जानेवारीत येईल, घरात पैसा असतो त्या महिन्यात.

दर विचारताना "सरळ की चक्रवाढ, आणि चक्रवाढ किती महिन्यांनी" हेही विचारा. ११ टक्केच, पण दर महिन्याला व्याज मुद्दलात मिळवलं, तर दीड लाखावर वर्षाचे १६,५०० ऐवजी १७,३५८ होतात. काही कंपन्यांच्या योजनांत व्याज वेळेत न भरल्यास दर वरच्या टप्प्यावर जातो आणि तो कधीकधी पहिल्या दिवसापासून लावला जातो. त्यावर एक स्वतंत्र लेख लागेल. थकल्याबद्दल दंड लागला असेल तर तो शुल्क म्हणून वेगळा दिसायला हवा. तो मुद्दलात मिळवून त्याच्यावर व्याज घेता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम नव्या कर्जांना एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

सोडवायला जायच्या आदल्या दिवशी बंद करण्याची रक्कम तारखेसह लेखी मागा : मुद्दल, व्याजाचे दिवस, शुल्क, जीएसटी, चारही वेगवेगळे. पैसे भरल्यावर सोनं त्याच दिवशी मिळायला हवं, फार तर सात कामकाजाच्या दिवसांत; नव्या निर्देशांनुसार त्यापुढे संस्थेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई तुमची. आणि पाकिटाचं सील तुमच्यासमोर फोडून, वजन पहिल्या पावतीशी ताडून मगच सही करा. काकांच्या बाबतीत पहिली पावती म्हणजे २०२४ ची. नवं-जुनं करताना दुसऱ्यांदा वजन झालं होतं का, हे त्यांनी लिहिलेलं नाही. दोन्ही पावत्यांवरचं निव्वळ वजन मात्र एकच आहे, ग्रॅमच्या दुसऱ्या दशांशापर्यंत.