‘सीमा’पासून ‘आली’पर्यंत: रिकरंट नेटवर्क आणि त्याची स्मृतिपेशी

‘सीमा काल भर उन्हात भावाबरोबर बाजारातून धान्याचं पोतं घेऊन घरी...’ पुढचा शब्द ‘आली’ असणार, हे आपल्याला विचार न करता कळतं. पण डावीकडून एकेक शब्द वाचत जाणाऱ्या यंत्राला हे अवघड आहे. कर्ता सुरुवातीलाच येऊन गेला, मध्ये नऊ शब्द पडले आणि त्यांत पुल्लिंगी ‘भाऊ’ आहे, नपुंसकलिंगी ‘पोतं’ही आहे.

एकच सूत्र, पुन्हापुन्हा

साधं न्यूरल नेटवर्क ठरावीक लांबीची माहिती एकदम घेतं. वाक्याची किंवा सेन्सरच्या नोंदींची लांबी मात्र ठरलेली नसते. रिकरंट नेटवर्क एका वेळी एकच शब्द घेतं, आधीच्या पायरीवर उरलेल्या आकड्यांच्या यादीत तो मिसळतं आणि नवी यादी बनवतं. ही यादी म्हणजे त्याची ‘अवस्था’. प्रत्येक पायरीला सूत्र तेच आणि वजनंही तीच. जेफ्री एल्मन यांनी 1990 मध्ये असं साधं रिकरंट नेटवर्क मांडलं.

शिकताना काय बिघडतं

अडचण वाचताना येते त्याहून जास्त शिकताना येते. नेटवर्कने ‘आला’ असं चुकीचं उत्तर दिलं, तर त्या चुकीचा संदेश उलट्या दिशेने ‘सीमा’पर्यंत पोचायला हवा, तरच तिथली वजनं सुधारतील. या उलट प्रवासात प्रत्येक पायरीवर संदेशाला एका गुणकाने गुणलं जातं. खऱ्या नेटवर्कमध्ये तिथे आकड्यांचा अख्खा तक्ता असतो, पण समजण्यापुरता एकच आकडा धरू. गुणक 0.5 असेल, तर दहा पायऱ्यांनंतर मूळ संदेशाचा 1,024वा भाग उरतो. ‘घरी’ या शब्दाला चूक स्पष्ट ऐकू येते, ‘सीमा’ला जवळजवळ काहीच नाही. मग नेटवर्क जवळच्या शब्दांवरून अंदाज बांधायला शिकतं. गुणक एकाहून मोठा असला तर उलटं होतं. संदेश फुगत जातो आणि पडद्यावर `NaN` दिसू लागतं. त्यावर संदेशाच्या मापाला कमाल मर्यादा घालता येते. विरून जाण्यावर इतका सोपा उपाय नाही. सेप होखरायटर यांनी 1991 मध्ये म्युनिकमधल्या आपल्या प्रबंधात या दुखण्याचं मूळ दाखवलं.

स्मृतिपेशी: पुसून लिहिण्याऐवजी भर घालणं

होखरायटर आणि युर्गन श्मिडहुबर यांनी 1997 मध्ये एलएसटीएम मांडलं. त्याचा गाभा आज वापरात असलेल्या रूपात असा:

```
c[t] = f[t] * c[t-1] + i[t] * g[t]
```

`c` ही स्मृतिपेशी, `g` ही नवी माहिती. `i` हे प्रवेशाचं गेट आणि `f` हे विसरण्याचं, दोन्ही 0 ते 1 मधले आकडे. पेशीतलं काय बाहेर दाखवायचं हे ठरवणारं तिसरं गेटही असतं. साधं रिकरंट नेटवर्क प्रत्येक पायरीला सगळी अवस्था नव्याने घडवतं, तर इथे `f` ने राखलेल्या जुन्या मजकुरात भर पडते. चुकीचा संदेश पेशीच्या वाटेने मागे जातो, तेव्हाही गुणक हाच `f` असतो.

आपलं वाक्य घेऊ. ‘सीमा’ आल्यावर `i` एकच्या जवळ जातं आणि पेशीत ‘स्त्रीलिंगी कर्ता’ अशी खूण पडते. ‘भावाबरोबर’मध्ये ‘बरोबर’ हे शब्दयोगी अव्यय जोडलेलं असल्याने तो कर्ता नव्हे, म्हणून `i` शून्याजवळ राहतं. `f` दर पायरीला 0.98 असेल, तर दहा पायऱ्यांनंतरही 82 टक्के खूण शिल्लक राहते. वाक्य संपलं की `f` खाली येतं आणि जागा मोकळी होते. गेट कधी उघडायचं हे कोणी लिहून देत नाही, ते उदाहरणांतूनच शिकलं जातं. प्रत्यक्षात अशी खूण बहुधा अनेक पेशींत विखुरलेली असते.

विसरण्याचं गेट मूळ रचनेत नव्हतंच. फेलिक्स गेर्स आणि सहकाऱ्यांनी ते नंतर जोडलं, कारण न थांबणाऱ्या नोंदींत पेशी नुसती भरत जाई.

सुरुवातीचा एक आकडा

इथे एक बारीक मेख आहे. प्रशिक्षण सुरू होताना विसरण्याच्या गेटचा बायस शून्य ठेवला, तर `f` साधारण 0.5 भरतं, म्हणजे पुन्हा तोच 1,024वा भाग! म्हणून बायस सुरुवातीला 1 ठेवण्याची पद्धत आहे. मग `f` सुमारे 0.73 होतं आणि दहा पायऱ्यांनंतर साधारण तेविसावा भाग उरतो. शिकायला एवढा धागा पुष्कळदा पुरतो.

मर्यादा कुठे

मोटरच्या तापमानाची दर मिनिटाला नोंद घेतली, तर दिवसाच्या 1,440 नोंदी होतात. 0.98 चा गुणक इतक्या पायऱ्यांत काहीही शिल्लक ठेवत नाही. तिथे दर पंधरा मिनिटांची सरासरी घेतली की पायऱ्या 96 वर येतात. शिवाय पायऱ्या एकामागून एकच कराव्या लागतात. 2017 मध्ये आलेल्या ट्रान्सफॉर्मरने भाषेच्या कामात बाजी मारली, त्यात प्रशिक्षणाच्या वेळी सगळे शब्द एकदम हाताळता येतात याचा मोठा वाटा आहे. पण रिकरंट नेटवर्कची अवस्था नोंदी कितीही वाढल्या तरी तेवढीच राहते. थोड्या मेमरीच्या यंत्रावर अखंड नोंदी वाचायच्या असतील, तर ते आजही विचारात घ्यावं.

मात्र एकूण अचूकतेच्या टक्क्यावर विसंबू नका. कर्ता आणि क्रियापद यांत दोन, पाच, दहा, वीस शब्द असलेली वाक्यं वेगवेगळी तपासा. अंतर वाढताच अचूकता कोसळत असेल, तर तुमच्या नेटवर्कला फक्त शेजारचे शब्द दिसत आहेत.