खुर्चीवर बसलात तरी चालेल

२१ जूनची सकाळ. सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरलेल्या, बाहेर पावसाची भुरभुर. आलेल्यांत साठीच्या पुढची मंडळी बरीच, आणि त्यातली अनेक योगासनांच्या वर्गाला आयुष्यात पहिल्यांदाच आलेली. माइक सुरू होतो. पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ, मग योगाच्या प्राचीन परंपरेवर दोन शब्द. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४मध्ये योग दिनाचा ठराव केला आणि २०१५पासून तो जगभर पाळला जातो, हेही सांगून होतं. तोवर खाली मांडी घालून बसलेल्यांच्या पायांना मुंग्या आलेल्या असतात. त्यानंतर शिक्षक थेट म्हणतात, “चला, उभे राहा.”

या सगळ्यात एक गोष्ट राहून जाते. शेजारच्या काकांनी काचबिंदूचे थेंब डोळ्यांत घातले आहेत, त्यांनी वाकायचं की नाही? गुडघ्याची वाटी बदललेल्या काकूंनी वज्रासनात काय करायचं? मधेच थांबलं तर चालतं का? नवख्या माणसाला हे विचारायचा संकोच वाटतो आणि शेजारी करतोय म्हणून तोही करत राहतो. त्याचा संकोच मोडण्याची खरी संधी एकदाच मिळते, ती स्वागताच्या भाषणात. म्हणून हे भाषण तीन मिनिटांचं असावं आणि त्यात परंपरेपेक्षा शरीराबद्दल जास्त बोललं जावं.

योग दिनाला बहुतेक ठिकाणी आयुष मंत्रालयाचा सामान्य योग अभ्यासक्रम घेतला जातो. तो साधारण ४५ मिनिटांचा. मान-खांदे-गुडघे सैल करण्यापासून सुरुवात होते. मग ताडासन, वृक्षासन, पादहस्तासन अशी उभ्याने, वज्रासनासारखी बसून, भुजंगासनासारखी पालथं पडून आणि सेतुबंधासारखी उताणं झोपून करायची आसनं येतात. शेवटी कपालभाती, प्राणायाम आणि ध्यान. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत बहुतेक आसनांखाली सावधगिरीची टीप छापलेली आहे. पण सकाळी हॉलमध्ये बसलेल्या माणसाच्या हातात पुस्तिका नसते. त्या टिपांतल्या कोणत्या दोन-तीन मोठ्याने सांगायच्या, हे आदल्या दिवशीच ठरवावं लागतं.

पहिली टीप वाकण्याची. डोकं हृदयाच्या खाली गेलं की डोळ्यांतला दाब वाढतो. निरोगी माणसाचाही वाढतो आणि सरळ झाल्यावर लवकरच उतरतो. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी काचबिंदू असलेल्या आणि नसलेल्या लोकांना डोकं खाली जाणारी चार आसनं करायला लावून हा दाब मोजला आणि २०१५मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दाब दोन्ही गटांत वाढला आणि अधोमुख श्वानासनात सर्वांत जास्त. काचबिंदूत डोळ्याची नस आधीच दुखावलेली असते, म्हणून तिथे ही वाढ टाळायची. हाडं ठिसूळ झालेल्यांसाठी कारण वेगळं आहे. पाठीचा कणा पुढे गोल केला की मणक्यांच्या पुढच्या भागावर भार येतो आणि विरळ झालेला मणका तिथे चेपू शकतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९८४मध्ये अशा स्त्रियांचा अभ्यास मांडला होता. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात मणक्यांची नवी मोडतोड सर्वाधिक दिसली, तर पाठ मागे ताणणाऱ्या गटात सर्वांत कमी. त्यामुळे पादहस्तासनाच्या वेळी या मंडळींनी ताठ उभं राहून हात वर ताणले तर ते अर्धवट आसन ठरत नाही. त्यांच्या शरीरासाठी तेच बरोबर आसन आहे.

दुसरी टीप श्वासाची. नवखा माणूस तोल सांभाळायला लागला की नकळत श्वास कोंडतो. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब झटक्यात चढतो आणि जोर सुटला की उतरतो. बीपीच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला हा चढउतार नको असतो. शिक्षकाला हे लांबूनही ओळखता येतं. चेहरा लाल होतो, जबडा आवळला जातो, मानेच्या शिरा दिसू लागतात. त्यावर सोपा उपाय आहे. आसनात असताना सगळ्यांना मोठ्याने आकडे मोजायला लावावं. जो बोलतोय तो श्वास कोंडू शकत नाही. कपालभातीच्या वेळी मात्र बीपी, हृदयविकार किंवा हर्निया असलेल्यांनी नुसतं साधा श्वास घेत बसावं, हे त्या वेळी पुन्हा सांगायलाच हवं.

तिसरी टीप सगळ्यांत जास्त वेळा विसरली जाते, कारण ती शवासनानंतरची आहे. आडवं असताना रक्त शरीरात सारखं पसरलेलं असतं. माणूस उभा राहिला की ते पायांकडे उतरतं. तरुण शरीर शिरा आवळून काही क्षणांत दाब सावरतं, वयानुसार हे सावरणं मंदावतं. बीपीच्या गोळ्या आणि प्रोस्टेटसाठी दिली जाणारी काही औषधं ते आणखी मंद करतात. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा त्याहून जास्त अंकांनी घसरला, तर डॉक्टर त्याला दोष मानतात. हॉलमध्ये तो असा दिसतो: माणूस उठतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, हात आधार शोधतो आणि आधार नसेल तर तोल जातो. पाऊण तास काही न होता पार पडलेल्या सकाळी पडण्याचा धोका या शेवटच्या अर्ध्या मिनिटात असतो.

उरला प्रश्न खुर्चीचा. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, घोंगडी, लाकडी विटा आणि पट्टे यांचा आधार देऊन आजारी आणि वृद्ध माणसांकडून आसनं करून घेतली आणि ती पद्धत जगभर गेली. तरीही आपल्याकडच्या सामुदायिक कार्यक्रमांत खुर्च्या मागच्या भिंतीशी लावतात. तिथून शिक्षक दिसत नाहीत, ऐकूही कमी येतं, आणि खुर्ची म्हणजे ज्यांना जमत नाही त्यांची जागा असा अर्थ होतो. मग गुडघे दुखणारी मंडळीही हट्टाने खाली बसतात. खुर्च्या पहिल्या रांगेत हव्यात. त्या हातांशिवायच्या आणि न डगमगणाऱ्या असाव्यात. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते, म्हणून तिच्याखाली योगाची मॅट घालावी.

आता हे सगळं भाषणात कसं बसवायचं? समजा चाळीसेक माणसं आहेत, सकाळचे साडेसहा वाजले आहेत आणि बोलणारे शिक्षक आहेत. भाषण असं होऊ शकतं:

“नमस्कार मंडळी. पावसातून इतक्या सकाळी आलात, मनापासून स्वागत. मागे बसलेल्यांना आवाज येतोय ना? येत नसेल तर हात वर करा, मी थांबतो.

आपण इथे पाऊण तास आहोत. बरेच जण पहिल्यांदाच आलेत, त्यामुळे सगळं सावकाश होईल. पुढे खुर्च्या आहेत. ज्यांना खाली बसणं-उठणं जड जातं त्यांनी आत्ताच पुढे या. प्रत्येक आसन खुर्चीवर कसं करायचं ते माझ्या शेजारी या ताई करून दाखवणार आहेत.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. श्वास कोंडायचा नाही. मी सांगायला विसरलो तरी तुमचा श्वास चालू राहू द्या. दुसरी गोष्ट, काचबिंदू असेल, बीपी वाढलेलं असेल किंवा हाडं ठिसूळ झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर आम्ही खाली वाकू तेव्हा तुम्ही ताठ उभे राहून हात वर घ्या. आणि तिसरी, झोपलेले असताना झटकन उठू नका. कुशीवर वळा, हातांच्या आधाराने बसा, थोडं थांबा, मग उभे राहा.

कुठे दुखलं, गरगरलं, छातीत जड वाटलं, तर लगेच थांबा आणि हात वर करा. निळी टोपी घातलेले दोघे तुमच्याजवळ येतील. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेऊन उपाशीपोटी आला असाल, तर आत्ताच त्यांना भेटा, टेबलावर बिस्किटं ठेवली आहेत. मोजे काढून ठेवा, फरशीवर घसरतात. स्वच्छतागृह उजवीकडच्या दाराबाहेर आहे, मधेच गेलात तरी चालेल. मधेच बसलात तरी चालेल. चला, खांदे सैल सोडा, सुरू करू.”

हे सावकाश वाचलं तर तीन मिनिटांच्या आत संपतं. सावकाश वाचणं गरजेचंच आहे. वय वाढतं तसे आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात आणि ‘स’, ‘श’ यांची ओळख त्याच आवाजांवर चालते. ‘श्वास सोडा’ ही योगवर्गातली सर्वांत महत्त्वाची सूचना नेमकी याच अक्षरांनी भरलेली आहे. म्हणून माइक ओठांवर चिकटवू नये, तोंड लोकांकडे असावं आणि बोलताना बासरीचं पार्श्वसंगीत पूर्ण बंद असावं. श्वास सोडायला सांगताना हातही खाली आणून दाखवला तर ऐकू न आलेल्यालाही कळतं.

‘ज्यांना बीपी आहे त्यांनी हात वर करा’ असं मात्र स्टेजवरून विचारू नये. चारचौघांत आपला आजार कोण सांगणार? ते काम दारात, नाव लिहून घेताना, हळू आवाजात एकेकाला विचारून करावं. ऑपरेशन झालंय का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, आज काही खाल्लंय का, एवढं पुरे. मोतीबिंदूचं किंवा कुठलंही ऑपरेशन नुकतंच झालेल्याला डॉक्टरांना विचारून पुढच्या वेळी यायला सांगावं आणि आज नुसतं बसून बघायला जागा द्यावी. सरसकट ‘आजी-आजोबा’ म्हणणंही टाळावं. साठ वर्षांची नुकतीच निवृत्त झालेली बाई आणि पंच्याऐंशीचे गृहस्थ एकाच रांगेत असतात. ‘मंडळी’ म्हटलं की दोघंही त्यात येतात.

भाषणात कबूल केलेली व्यवस्था खरोखर असली पाहिजे. निळ्या टोप्यांतल्या दोघांना आधीच माहीत हवं की अचानक घाम, थरथर आणि गोंधळलेलं बोलणं म्हणजे साखर उतरल्याची खूण असू शकते. माणूस शुद्धीवर आणि गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. छातीत दुखणं आणि दम लागणं यात घरी सोडून येण्याचा विचार करू नये. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे आणि तो फोन कोण करणार हेही आदल्या दिवशी ठरलेलं असावं.

संयोजकांनी पाहुण्यांचा सत्कार शवासनानंतर, सगळे बसलेले असताना आणि चहा येईपर्यंत उरकावा. आणि स्वागताचं भाषण आदल्या संध्याकाळी घरातल्या किंवा शेजारच्या सत्तरीतल्या एका माणसाला वाचून दाखवावं. उद्या काय करायचं आणि काय नाही, हे त्याला परत सांगता आलं नाही तर ते पुन्हा लिहावं.