एका अंशाच्या फरकावरचा क्रम

कागदावर एक चौकोन काढा. डावीकडच्या टोकाला अ म्हणा, खालच्या टोकाला ब, उजवीकडच्याला क आणि वरच्याला ड. आता ब आणि ड जोडणारा उभा कर्ण ओढा. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले, डावा अबड आणि उजवा कबड. डाव्या त्रिकोणात अ जवळचा कोन 61 अंशांचा, ब जवळचा 60 आणि ड जवळचा 59 अंशांचा आहे. उजव्या त्रिकोणात क जवळचा कोन 59, ब जवळचा 61 आणि ड जवळचा 60 अंशांचा. एकाही रेषेची लांबी दिलेली नाही. प्रश्न असा, की चार बाजू आणि एक कर्ण मिळून ज्या पाच रेषा आहेत, त्यांतली सर्वांत लांब कोणती?

आकृतीकडे पाहून उत्तर मिळत नाही. डोळ्यांना तो सरळसरळ समभुज चौकोन दिसतो, कारण पाचही रेषा जवळपास सारख्या आहेत. कोनमापकाने कितीही जपून आकृती काढली, तरी अर्ध्या अंशाची चूक सहज होते आणि इथे सगळा खेळ एकेका अंशाचा आहे. म्हणजे पट्टी लावून मोजण्यातही अर्थ नाही. तरीही उत्तर ठाम आहे आणि ते काढायला शाळेतलं एकच प्रमेय पुरतं: कोणत्याही त्रिकोणात मोठ्या कोनासमोरची बाजू लहान कोनासमोरच्या बाजूपेक्षा मोठी असते.

‘समोरची’ म्हणजे त्या कोनाला न भिडणारी. मुलांची पहिली चूक इथेच होते. मोठा कोन दिसला की त्याच्या दोन भुजांपैकीच एखादी मोठी असेल असं त्यांना वाटतं. यावर साधा उपाय आहे. कोनाच्या शिरोबिंदूचं अक्षर वगळा. उरलेली दोन अक्षरं म्हणजे समोरची बाजू. डाव्या त्रिकोणात अ वगळला की बड उरते. म्हणून 61 अंशांसमोर बड, 60 अंशांसमोर अड आणि 59 अंशांसमोर अब. या त्रिकोणापुरता क्रम ठरला: बड सर्वांत मोठी, मग अड, मग अब.

बरेच जण इथे थांबतात आणि बड असं उत्तर देतात. पण उजवा त्रिकोण अजून पाहायचा आहे. तिथे बड ही 59 अंशांसमोर आहे, म्हणजे त्या त्रिकोणातली सर्वांत लहान. 60 अंशांसमोर बक आणि 61 अंशांसमोर कड. डावीकडे जी सर्वांत मोठी होती, तीच रेषा उजवीकडे सर्वांत लहान ठरली, आणि त्यामुळे दोन्ही क्रम एकमेकांना जोडले जातात. कड मोठी बक पेक्षा, बक मोठी बड पेक्षा, बड मोठी अड पेक्षा आणि अड मोठी अब पेक्षा. उत्तर कड. कर्ण बड 10 सेंटिमीटर धरून त्रिकोणमितीने पडताळा घेतला, तर अब सुमारे 9.8, अड 9.9, बक 10.1 आणि कड 10.2 सेंटिमीटर येते. पायरीपायरीला एकेक मिलिमीटरचा फरक.

या गणितात खरं काम सामाईक बाजूचं आहे. 61 अंशांचे कोन दोन आहेत. एकासमोर बड आहे, दुसऱ्यासमोर कड, आणि या दोन रेषा सारख्या नाहीत. प्रमेय एका त्रिकोणाच्या आतच बोलतं. एका त्रिकोणातला कोन उचलून दुसऱ्यातल्या कोनाशी ताडून पाहण्याची परवानगी ते देत नाही. सामाईक बाजू दोन्हीकडे मोजली जाते, म्हणून तिच्यावरूनच पलीकडे जाता येतं.

कधी कधी हा पूल पुरत नाही. समजा, सामाईक बाजू दोन्ही त्रिकोणांत सर्वांत मोठीच निघाली. मग आकृतीतली सर्वांत लांब रेषा ती हे कळतं, पण उरलेल्या चार रेषांचा आपसांतला क्रम कळत नाही. एका त्रिकोणाचे कोन 75, 60 आणि 45 आणि दुसऱ्याचे 63, 59 आणि 58 घ्या, आणि दोन्हीकडच्या सर्वांत मोठ्या कोनासमोर 10 सेंटिमीटरची सामाईक बाजू ठेवा. पहिल्यातल्या 60 अंशांसमोरची बाजू सुमारे 9 सेंटिमीटर येते आणि दुसऱ्यातल्या 59 अंशांसमोरची सुमारे 9.6. लहान कोनासमोर मोठी बाजू आली, तरी प्रमेय मोडलेलं नाही, कारण हे दोन कोन एका त्रिकोणातले नाहीतच. अशा ठिकाणी ‘दिलेल्या प्रमेयावरून ठरवता येत नाही’ हेच बरोबर उत्तर असतं आणि ते लिहायला मुलांना शिकवलं पाहिजे.

आणखी एक गैरसमज आहे. प्रमेय फक्त क्रम सांगतं, प्रमाण नाही. 30, 60 आणि 90 अंशांच्या त्रिकोणात 90 हा 30 च्या तिप्पट आहे, पण त्याच्या समोरची बाजू फक्त दुप्पट असते.

आता मुख्य गोष्ट: हे असं का? ‘कोन जास्त उघडला की समोरची बाजू लांबते’ हे स्पष्टीकरण पटकन सुचतं, पण ते वेगळ्या गोष्टीचं आहे. त्यात दोन भुजा तशाच ठेवून मधला कोन वाढवला जातो, म्हणजे दोन निराळ्या त्रिकोणांची तुलना होते. आपल्याला एकाच त्रिकोणातले दोन कोन तोलायचे आहेत.

युक्लिडने इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास ‘एलिमेंट्स’च्या पहिल्या खंडात याची सिद्धता दिली. तो आधी उलट बाजूने जातो: बाजू मोठी असेल तर समोरचा कोन मोठा. हे त्या खंडातलं अठरावं प्रमेय. नवा त्रिकोण अबक घ्या, ज्यात अक ही बाजू अब पेक्षा मोठी आहे. अक मोठी असल्यामुळे तिच्यावर अ पासून अब एवढंच अंतर मोजून प बिंदू घेता येतो, आणि तो क च्या अलीकडेच पडतो. आता ब आणि प जोडा. अब आणि अप समान, म्हणून अबप समद्विभुज त्रिकोण झाला आणि त्याचे ब व प जवळचे कोन सारखे झाले. यातला प जवळचा कोन म्हणजे उरलेल्या पबक त्रिकोणाचा बाह्यकोन. बाह्यकोन हा दूरस्थ आंतरकोनापेक्षा मोठा असतो, म्हणून तो क पेक्षा मोठा. आणि ब चा पूर्ण कोन तर अबप पेक्षाही मोठा, कारण अबप हा त्याचा केवळ एक भाग आहे. म्हणजे ब चा कोन क पेक्षा दोन पायऱ्यांनी मोठा ठरला.

मला ही सिद्धता फार आवडते, कारण यात असमान बाजूंचा प्रश्न समान बाजूंकडे नेऊन सोडवला आहे. मोठ्या बाजूतून लहानीएवढा तुकडा वेगळा केला, की सगळी असमानता उरलेल्या पक या तुकड्यात जमा होते. तो तुकडा नसता तर बाह्यकोनही नसता आणि कोन समान निघाले असते.

आपल्याला हवं ते एकोणिसावं प्रमेय आता फारसे कष्ट न घेता मिळतं. ब चा कोन क पेक्षा मोठा दिला आहे. अक आणि अब यांच्यात तीनच शक्यता आहेत. दोन्ही समान असत्या तर कोन समान असते. अक लहान असती, तर आताच सिद्ध केल्याप्रमाणे ब चा कोन लहान असता. दोन्ही दिलेल्या गोष्टीच्या विरुद्ध, म्हणून अक मोठीच. शाळेत याला अप्रत्यक्ष सिद्धता म्हणतात.

अनेकांना याहून सरळ एक वाट सुचते. ब च्या मोठ्या कोनातून बक ला लागून क एवढा कोन कापायचा. कापणारी रेषा अक ला जिथे छेदेल तिथे म बिंदू. मग मब आणि मक समान, आणि अक म्हणजे अम अधिक मब. अ पासून ब पर्यंत म वरून वळसा घालून जाण्याएवढी ती लांब आहे, म्हणून सरळ अब पेक्षा मोठी. ‘का’चं उत्तर यात डोळ्यांना दिसतं. पण इथे आपण ‘दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त’ हे वापरलं, आणि युक्लिडच्या मांडणीत ते विसावं प्रमेय आहे, जे एकोणिसाव्यावरच उभं आहे. त्या क्रमात ही सिद्धता गोल फिरून स्वतःपाशीच येते. बेरजेचा नियम वेगळ्या मार्गाने आधी मिळवला असेल तरच ती चालते.

पाचव्या शतकातला भाष्यकार प्रोक्लस लिहितो, की एपिक्युरसचे अनुयायी विसाव्या प्रमेयाची टर उडवत. चारा दुसऱ्या टोकाला असेल तर गाढवही सरळ रेषेत जातं, मग सिद्ध काय करायचं? प्रोक्लसचं म्हणणं असं, की एखादी गोष्ट खरी आहे हे दिसणं आणि ती का खरी आहे हे कळणं यांत अंतर आहे. वरचा चौकोन पाहिल्यावर मला त्याची बाजू पटते. तिथे तर दिसतही नव्हतं.

आता या प्रमेयाने सुटणारा आणखी एक प्रश्न. त्रिकोणी शेतात कुठल्याही दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर जास्तीत जास्त किती असू शकेल? आधी एक छोटी पायरी घेऊ. एका बिंदूपासून निघून एखाद्या रेषाखंडावरच्या मधल्या बिंदूपर्यंत रेषा ओढा. तिथे दोन्ही बाजूंना मिळून 180 अंशांचे दोन कोन होतात, म्हणजे त्यांतला एक तरी काटकोन किंवा त्याहून मोठा असतो. त्या बाजूच्या त्रिकोणात तोच सर्वांत मोठा कोन, आणि त्याच्या समोर आहे ती मूळ बिंदूपासून रेषाखंडाच्या टोकाकडे जाणारी रेषा. म्हणून मधल्या बिंदूपेक्षा एखादं टोक नक्कीच जास्त दूर असतं.

शेतातली कुठलीही दोन ठिकाणं घ्या. त्यांना जोडणारी रेषा दोन्हीकडे बांधापर्यंत वाढवली तर अंतर कमी होत नाही. आता दोन्ही टोकं बांधावर आली. एक टोक स्थिर ठेवून दुसरं त्याच्या बांधावरून योग्य कोपऱ्याकडे सरकवा, अंतर वाढतं. मग हा कोपरा स्थिर ठेवून पहिलं टोकही तसंच कोपऱ्यात न्या. शेवटी जी रेषा उरते ती दोन कोपऱ्यांना जोडते, म्हणजे ती त्रिकोणाचीच एक बाजू असते. म्हणून शेतातलं सर्वांत मोठं अंतर म्हणजे त्याची सर्वांत मोठी बाजू, आणि ती कोणती हे ठरवायला तीन कोपऱ्यांतला सर्वांत रुंद कोपरा शोधून त्याच्या समोरच्या बांधाकडे पाहायचं.