विरोध दिसावा, पण पटावाही

बोलकी शांतता, गोड वेदना, गर्दीतला एकांत. विरोधी शब्द शेजारीशेजारी बसवणे सोपे असते. वाचकाला तो विरोध खरा वाटायला लावणे अवघड.

अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त विरोध या अलंकाराची अट सांगितली आहे: मुळात विरोध नसताना तो आहे असे वाटेल, असे बोलणे. म्हणजे वरवर भांडणाऱ्या दोन गोष्टी आतून एकत्र नांदल्या पाहिजेत. संस्कृत कवी हा मेळ अनेकदा श्लेषाने घालतात. शब्दाचा दुसरा अर्थ लागला की विरोध मिटतो आणि आपण कवीच्या चातुर्याला दाद देतो. मेळ अनुभवातून बसला, तर मात्र दाद द्यायचे सुचत नाही. ‘हो, असेच होते’ एवढेच मनात येते.

समजा, एखाद्याने लिहिले: ‘रात्री शांतता किंचाळली.’ ओळ जोरकस आहे, पण शांतता का किंचाळली याला तिच्यात उत्तर नाही. ‘शांतता’ काढून ‘अंधार’ घातला तरी काही बिघडत नाही. शब्द इतक्या सहज बदलता आले, तर विरोध दिखाऊ आहे असे खुशाल समजावे.

आता हे पाहा: ‘वीज गेली, पंखा थांबला आणि त्या शांततेने मला जाग आली.’ शांततेने झोप लागावी. इथे ती मोडली. तरी वाक्य पटते, कारण पंख्याच्या घरघरीला सरावलेल्या कानांना तिचे थांबणेच जाणवते. पंखा काढला तर वाक्य कोसळेल. विरोधाला आधार आहे तो त्या पंख्याचा, आणि तो शांततेच्या आधी आला आहे. कारण आधी दाखवले की मागून खुलासा करावा लागत नाही. ‘कारण कानांना सवय झाली होती’ असे पुढे जोडले, तर वाचकाने स्वतः शोधायचे तेच हिरावले जाते.

दोनच शब्दांत विरोध साधायचा, तर ओळीत कारणाला जागा उरत नाही. ते आजूबाजूच्या मजकुरात पेरावे लागते. ‘श्रीमंत गरीब’ हा नुसता खेळ आहे. पण आधी कोरडवाहू रान, आटलेली विहीर आणि सोसायटीचे थकलेले कर्ज येऊन गेले असेल, तर ‘चाळीस एकरांचा गरीब’ सरळ माहितीसारखे वाचले जाते. आकड्यामुळे जमीन डोळ्यांपुढे उभी राहते आणि गरिबी त्या आकड्याला खोटे पाडते.

हा विरोध पटला की लगेच दुसरा मांडू नये. एकाच परिच्छेदात असे तीन आले, तर वाचक त्या शेतकऱ्याला सोडून लेखकाची हातचलाखी पाहू लागतो. ‘जणू’ किंवा उद्गारचिन्हही नको. चाळीस एकरांचा माणूस खरोखरच गरीब आहे. तेव्हा वाक्य साध्या विधानासारखेच लिहावे.